संध्याकाळच्या लॉनवर गडद रंग

उन्हाळ्यात फिकट रंग घालावेत, हा सल्ला आपल्याकडे इतका पक्का बसला आहे की मे महिन्यातल्या संध्याकाळच्या रिसेप्शनलाही लोक पिस्ता, आकाशी, फिकट गुलाबी, राखी अशाच रंगांत येतात. मग साडेआठच्या सुमारास, स्टेजपुढची रांग लांबलेली असताना, याच रंगांवर काखेत, पाठीच्या मधोमध आणि ब्लाउजच्या खालच्या पट्टीवर ओल उमटते. अशा वेळी हात वर करून कुणाला हाक मारायचीही चोरी होते. फोटोत हात अंगाशी घट्ट धरून उभी असलेली माणसं नीट पाहिलीत तर त्यातल्या बऱ्याच जणांचं कारण हेच असतं.

तो सल्ला खोटा नाही, पण तो दुपारच्या उन्हासाठी आहे. फिकट रंग सूर्यप्रकाश परतवतो, गडद रंग शोषतो आणि तापतो, म्हणून बारा वाजताच्या मुहूर्ताला पांढरा किंवा मोतिया सदरा बरा. संध्याकाळचं गणित वेगळं आहे. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्याकडे साधारण सातला सूर्य मावळतो, नागपूरला त्याच्याही थोडं आधी. पत्रिकेवर ‘सायंकाळी साडेसातपासून’ असं छापलेलं असतं तेव्हा अंगावर ऊन पडण्याचा प्रश्नच उरत नाही. त्या वेळी तुम्हाला तापवते ती गरम हवा, दमटपणा, गर्दी आणि अंगाला चिकटलेला कपडा. यातल्या कशालाही कपड्याच्या रंगाशी फारसं देणंघेणं नाही. म्हणजे ज्या रंगांवर घाम लपतो, ते रंग संध्याकाळी घालायला आपण मोकळे असतो आणि नेमके तेच आपण दुपारच्या नियमापोटी कपाटात ठेवून येतो.

भर उन्हातसुद्धा रंगापेक्षा सैलपणा किती मोठं काम करतो, याचं एक चांगलं उदाहरण आहे. सिनाईच्या वाळवंटातले बेदुईन लोक काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापत होता, पण ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोहोचत नव्हती. झगा ढगळ असल्यामुळे आतून हवा खेळत होती आणि उष्णता वाटेतच निघून जात होती. आपल्याकडे तर उन्हाचा विषयच नाही. उरतो तो फक्त सैलपणा, आणि त्याकडे पुढे येऊच.

आधी डाग मुळात दिसतो का, ते पाहू. घामाला स्वतःचा रंग नसतो, तरी कापड ओलं झालं की गडद दिसतं. कोरड्या कापडात धाग्याधाग्यांमध्ये हवा असते. प्रकाश धाग्यावर पडतो, हवा आणि धागा यांच्या सीमेवर विखुरतो आणि त्यातला बराच आपल्या डोळ्यांकडे परत येतो. कापड भिजलं की त्या फटींत हवेऐवजी पाणी भरतं. पाणी आणि धागा यांतून प्रकाश जवळजवळ सारखाच जातो, त्यामुळे तो विखुरण्याऐवजी कापडात खोल शिरतो आणि तिथल्या रंगात शोषला जातो. कमी प्रकाश परत आला, म्हणून तो भाग गडद दिसला. तेलाचा डाग पडलेला कागद अर्धपारदर्शक होतो, त्यामागेही हीच क्रिया असते.

हे लक्षात आलं की रंगांची निवड आपोआप सुटत जाते. डोळ्याला दिसते ती ओल नव्हे, तर ओल्या आणि कोरड्या भागातला फरक. काळा, गर्द निळा, बाटलीहिरवा, वाइन, जांभळा, गडद तपकिरी हे रंग मुळातच इतके गडद असतात की आणखी गडद व्हायला त्यांना जागाच नसते. दुसऱ्या टोकाला पांढऱ्या कापडात प्रकाश शोषणारा रंगच नसतो, त्यामुळे तेही फारसं काळवंडत नाही. मार खातात ते मधले रंग. आकाशी, राखी, खाकी, पिस्ता, फिकट गुलाबी आणि आमरस या रंगांत शोषायला रंग आहे आणि गडद व्हायला जागाही आहे. त्यांतही राखी सगळ्यांत वाईट. टीशर्टात पांढरा आणि काळा धागा मिसळून विणलेली राखी छटा असते, तिच्यावर पाण्याचा एक थेंबसुद्धा हाताच्या अंतरावरून दिसतो. माझा सल्ला विचाराल तर उन्हाळ्यातल्या कोणत्याही समारंभासाठी साधा राखी आणि साधा आकाशी हे दोन रंग पूर्णपणे बाजूला ठेवावेत.

पांढऱ्याबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. पांढरं कापड गडद होत नाही, पण ते पारदर्शक होतं. पातळ पांढरा सदरा पाठीला चिकटला की आतली कातडी, बनियनच्या कडा, सगळं दिसू लागतं. म्हणून पांढरं घालायचं तर जाडसर विणीचं, उदाहरणार्थ विणीतच बारीक नक्षी असलेलं डॉबी सुती कापड, आणि आत बाह्या असलेला बनियन. तो बनियन पांढरा नसावा. पांढऱ्या सदऱ्याखाली पांढरा बनियन उठून दिसतो, तर कातडीच्या रंगाच्या जवळ जाणारा, फिकट तपकिरी बनियन दिसत नाही. दुकानात तो ‘स्किन कलर’ म्हणून मागितला की मिळतो.

गडद रंगालाही एक अपवाद आहे. सॅटिन किंवा तत्सम चकचकीत कापडाची शोभा रंगात कमी आणि चमकेत जास्त असते. घाम लागला की तेवढ्या जागेची चमक बदलते, आणि लॉनवरच्या दिव्यांत ती बदललेली जागा गर्द निळ्या सॅटिनवरही कळते. गडद हवा, पण निस्तेज पोताचा. क्रेप, जॉर्जेट, खादी, लिनन यांचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि तो प्रकाश सगळीकडे पसरवतो, त्यामुळे ओल त्यात विरून जाते.

रंगाइतकंच काम नक्षी करते. एकसलग रंगाच्या पृष्ठभागावर ओलीची कड डोळ्याला लगेच सापडते. पण तिथे आधीच गडद-फिकट बुट्टे, चौकडे किंवा ठिपके असतील तर ही आणखी एक कड त्या गर्दीत हरवते. यासाठी नक्षी बारीक आणि दाट हवी. हातभर अंतरावर एकेक मोठं फूल असेल तर मधली मोकळी जागा डाग दाखवायला पुरेशी असते. अजरख, बारीक इकत आणि कलमकारी यासाठी फार चांगले. आणि आपल्या घरात तर याहून जवळचा पर्याय पिढ्यान्‌पिढ्या आहे, तो म्हणजे खण. खणाची जमीन गडद असते, तिच्यावर विणीतच उतरलेले बारीक बुट्टे अगदी शेजारी शेजारी असतात, आणि पुष्कळदा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे हलताना छटा बदलत राहते. काखेतली ओल लपवण्यासाठी मुद्दाम कापड विणायला घेतलं असतं तरी याहून वेगळं काही करता आलं नसतं. एवढंच पाहावं की खण सुती किंवा सूत-रेशीम असावा. हल्ली बाजारात पॉलिएस्टरचा खण सर्रास मिळतो. तो दिसायला तसाच असतो, पण अंगावर मात्र तापतो.

इथे धाग्याचा विषय येतो आणि तिथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे कापडाने घाम शोषणं, आणि दुसरी म्हणजे तो लवकर वाळू देणं. हवेतला दमटपणा मध्यम असताना सुती कापड स्वतःच्या वजनाच्या साधारण ७ ते ८ टक्के ओलावा सहज धरून ठेवतं आणि तरी हाताला कोरडंच लागतं. लिननमध्ये हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास जातं, रेशमात जवळपास तितकंच. पॉलिएस्टरमध्ये ते अर्ध्या टक्क्याच्याही आत असतं. म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्यात घाम शिरतच नाही. तो अंगावर राहतो, किंवा दोन धाग्यांच्या मधून पसरत जातो आणि डागाचा घेर मोठा करतो. सुती कापड सुरुवातीचा घाम गुपचूप पोटात घेतं. पण एकदा त्याची क्षमता संपली की ते जड होतं, चिकटतं आणि वाळायला वेळ लावतं. लिननचा धागा ताठ असतो, त्यामुळे ते ओलं झालं तरी अंगापासून थोडं सुटून राहतं, म्हणून उकाड्यात ते सुतीपेक्षा बरं. चुरगळणं हा त्याचा स्वभाव आहे. तो पटत नसेल तर सूत आणि लिनन यांचं मिश्रण घ्यावं.

रेशमाचं काय? अंगाला ते सुखाचं असतं, पण घामाच्या बाबतीत नाजूक. साध्या पाण्याच्या थेंबानेही काही रेशमांवर वाळल्यानंतर कड राहते. घामातला क्षार आणि काखेत लावलेल्या द्रव्यांतला अ‍ॅल्युमिनियमचा क्षार रेशमाचा धागा कमकुवत करतात, रंगही उडवतात. म्हणून रेशीम साडीत असू द्यावं, ब्लाउजात आणि कुडत्यात शक्यतो नको. चंदेरी किंवा महेश्वरीत रेशमाबरोबर सूत असतं, त्यामुळे ती मधली वाट म्हणून चालते, पण चंदेरी पारदर्शक असल्याने तिला अस्तर लागतंच, आणि मग सगळं त्या अस्तरावर येऊन ठेपतं.

दुकानात कापडाचं नाव ऐकून निर्णय घेऊ नये. ‘सॉफ्ट सिल्क’, ‘आर्ट सिल्क’, ‘मसलीन’, ‘लिनन फील’ अशा नावांखाली पुष्कळदा पॉलिएस्टर असतं. शंका असेल तर शिलाईच्या आतून किंवा काठाच्या टोकातून दोन-चार धागे काढून ते चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सूत आणि लिनन कागद जळल्यासारखा वास देऊन मऊ राख सोडतात. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळतं आणि गार झाल्यावर टोकाला कडक मणी राहतो. मिश्रणात हे सगळं थोडं थोडं दिसतं. पण मणी आला की त्या कापडाचा लॉनवरचा कुडता शिवू नये, हा माझा नियम आहे.

दुसरी परीक्षा आणखी सोपी आहे आणि ती घरी असलेल्या प्रत्येक कपड्याची करता येते. कपडा उलटा करून आतली शिलाईची मार्जिन किंवा खालची दुमड शोधावी. बोट पाण्यात बुडवून तिथे रुपयाच्या नाण्याएवढी जागा ओली करावी. मग घरातला पिवळसर दिवा लावून कपडा हाताच्या अंतरावर धरावा. डाग लगेच डोळ्यात भरला तर तो कपडा बाद. नीट शोधल्यावर सापडला तर चालेल. दहा मिनिटांनी पुन्हा पाहावं. तोवर ओल पसरून दुप्पट झाली असेल तर कापड घाम शोषत नाही, नुसतं पसरवतं. आणि पूर्ण वाळल्यावर कड राहिली का, हेही बघावं, कारण ती राहिली तर डाग समारंभानंतरही कपड्यासोबत राहणार आहे. रेशमावर ही परीक्षा बाहेरून दिसणाऱ्या जागी चुकूनही करू नये.

आता गाव कुठलं, हा प्रश्न. ठाण्या-मुंबईत आणि कोकणात मेच्या संध्याकाळी पारा ३० अंशांच्या आसपास असतो, पण हवा दमट असते. घाम येतो आणि वाळतच नाही. म्हणून तिथे दिसते ती ओल, आणि तिला उत्तर म्हणजे गडद किंवा बारीक नक्षीचं, सैल, निस्तेज कापड. नागपूर-अकोल्याकडे दिवसाचा पारा ४२-४३ च्या घरात जातो आणि दिवेलागणीनंतरही जमीन तापलेली असते, पण हवा कोरडी असल्याने घाम आल्या आल्या उडून जातो. तिथे डाग पडतो तो ओलीचा नव्हे, तर मागे राहिलेल्या मिठाचा. साध्या काळ्या कापडावर काखेपाशी आणि पाठीवर पांढुरकी रेघ उमटते. त्यामुळे विदर्भातल्या लॉनवर साधा काळा टाळावा आणि गर्द रंगाची नक्षी किंवा जाडसर पांढरं सुती निवडावं. पुण्यात उकाडा या दोन्हींच्या मध्ये असतो आणि रात्री वारा सुटतो. तिथे तुलनेने पुष्कळ काही खपून जातं.

एक उदाहरण घेऊन पाहू. ठाण्यातल्या एका लॉनवर मेच्या तिसऱ्या आठवड्यात, साडेसातला रिसेप्शन आहे. नवरीचे मामा-मामी यजमानांच्या बाजूचे. त्यांना बसता येणार नाही. प्रवेशद्वारापाशी स्वागत, मग स्टेजवरचे फोटो, मग जेवणाकडे लोकांना नेणं, असे तीन तास उभ्यानेच. मामांनी ठरवला आहे पिस्ता रंगाचा आर्ट सिल्कचा कुडता, वर मरून नेहरू जाकीट. मामींची आकाशी सेमी-पैठणी, तिच्याच ब्लाउजपिसाचा ब्लाउज, सिंथेटिक अस्तराचा.

मामींपासून सुरुवात करू, कारण त्यांचा खर्च वाचणार आहे. साडी बदलायची गरज नाही. साडी काखेला लागत नाही, निऱ्यांचे इतके पदर एकावर एक असतात की आतली ओल बाहेर पोहोचत नाही, आणि नेहमीच्या नेसण्यात पदर डाव्या खांद्यावरून जात असल्याने डावी बाजूही बरीच झाकते. उघडी राहते ती उजवी काख, पाठ आणि कमरेजवळची ब्लाउजची पट्टी. म्हणजे सगळा प्रश्न ब्लाउजचा आहे. आकाशी ब्लाउजपीस तसाच ठेवावा आणि पैठणीच्या काठातला गडद रंग, समजा वाइन किंवा गर्द निळा, धरून सुती खणाचा ब्लाउज शिवावा. अस्तर पातळ सुती, मऊ झालेलं. मुंढा नेहमीपेक्षा बोटभर सैल ठेवायला शिंप्याला सांगावं. त्याहून खाली मात्र नको, नाहीतर हात वर केला की अख्खा ब्लाउज वर ओढला जातो. बाही कोपराच्या थोडी वर, सैलसर. काखेत घट्ट बसणारी आखूड बाही सगळ्यांत वाईट, कारण ती ओल टिपून लगेच बाहेर दाखवते. बिनबाहीचा ब्लाउज आवडत असेल तर तिथे डाग पडायला कापडच उरत नाही, तोही चांगला पर्याय आहे. साडीखाली लायक्राचा घट्ट परकर घालायची हल्ली पद्धत आहे. त्याने साडी चापून बसते हे खरं, पण कमरेपासून गुडघ्यापर्यंत हवा बंद होते. ठाण्याच्या मेमध्ये सुती परकरच घालावा, घेर थोडा कमी शिवून घेतला की साडी फुगत नाही.

ब्लाउजच्या काखेत एक साधी गोष्ट घरीच करता येते. जुन्या मलमलच्या किंवा धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या दोन पदरांचे अर्धगोल तुकडे कापून ते आतून मुंढ्याच्या शिलाईवर चार-पाच टाक्यांनी अडकवावेत. घाम आधी त्यांत जिरतो. समारंभ झाला की टाके उसवून ते धुवायला टाकायचे. बाजारात चिकटवायचे तयार पॅडही मिळतात, पण दमट हवेत त्यांचा गोंद सुटून ते सरकतात, शिवलेले सरकत नाहीत.

मामांचा पिस्ता कुडता थेंबाच्या परीक्षेत पहिल्या क्षणी बाद होतो. जळालेल्या धाग्याच्या टोकाला मणीही येतो. त्यांचं म्हणणं, वर जाकीट आहे, मग काय बिघडलं? जाकीट छाती आणि पाठ झाकतं खरं, पण काखा उघड्याच राहतात आणि आत घाम वाढतो, तो नेमका तिथूनच बाहेर पडतो. त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, जाकीट ठेवायचं असेल तर आत जाडसर पांढरा सुती कुडता आणि बाह्यांचा बनियन. पांढऱ्यावर काखेत ओल गडद दिसत नाही आणि पारदर्शक होणारा पाठीचा भाग जाकिटाखाली राहतो. जाकिटाचं पाठीचं अस्तर सुती असावं किंवा नसावंच. दुसरी वाट म्हणजे जाकीट घरी ठेवून गर्द निळ्या किंवा बाटलीहिरव्या रंगाचा, बारीक बुट्ट्यांचा सूत-लिनन कुडता, नेहमीच्या मापापेक्षा छातीत दोन-तीन इंच सैल. काखेत वेगळा चौकोनी तुकडा जोडलेला जुन्या पद्धतीचा कुडता मिळाला तर उत्तम, कारण त्यात हात वर केला तरी कापड ताणून काखेला चिकटत नाही. ठाण्यासाठी मी दुसरी वाट निवडेन. हाच समारंभ नागपूरला असता तर पहिली.

सुटाचा मोह तरुणांना असतो, त्याबद्दल थोडक्यात. बाजारातल्या तयार कोटांना आतून पूर्ण पॉलिएस्टरचं अस्तर असतं. शिवून घेणार असाल तर अर्धं अस्तर सांगा, म्हणजे पाठीचा खालचा भाग मोकळा राहतो. कापड पातळ लोकरीचं घ्यावं. ऐकायला विचित्र वाटेल, पण उन्हाळ्यासाठी विणलेली हलकी लोकर घामाची वाफ सुती कापडापेक्षाही जास्त पोटात घेते आणि वरून कोरडी दिसते. आत पांढरा शर्ट. आणि एकदा कोट घालून आलात की तो शेवटपर्यंत काढू नका, कारण आतल्या शर्टाची पाठ तोवर भिजलेली असते.

पँटचा रंगही याच हिशेबाने निवडावा. लॉनवरच्या प्लास्टिकच्या किंवा सॅटिनचं कव्हर घातलेल्या खुर्चीत अर्धा तास बसून उठलात की मांडीच्या मागे ओल असते. खाकी आणि फिकट राखी पँटवर ती सगळ्यांना दिसते, गडद पँटवर कुणालाच नाही. पांढरी सलवार किंवा पायजमा असेल तर तो जाडसर हवा.

काखेसाठी औषधी दुकानात मिळणाऱ्या दोन प्रकारच्या बाटल्यांतला फरक ओळखायला हवा. डिओडरंट वासाचा बंदोबस्त करतं, घाम थांबवत नाही. घाम कमी करतं ते अँटीपर्स्पिरंट. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या वाटेच्या तोंडाशी तात्पुरता बूच बसवतात. लोक ते निघताना, घामेजलेल्या अंगावर लावतात आणि मग उपयोग झाला नाही म्हणतात. ते आदल्या रात्री, काख पूर्ण कोरडी असताना लावायचं, कारण झोपेत काखेत घाम कमी येतो आणि क्षारांना आत बसायला वेळ मिळतो. सकाळी अंघोळ केली तरी परिणाम टिकतो. नुकतंच वॅक्सिंग किंवा दाढीच्या ब्लेडने केस काढले असतील तर त्या दिवशी लावू नये, जळजळ होते. पावडर मात्र गडद ब्लाउजखाली नकोच. घामात भिजून तिचे पांढरे लपके बाहेर येतात. आणि बसल्या जागी, पंख्याखालीही कपडे भिजण्याइतका घाम नेहमीच येत असेल, तर कापड बदलून भागणार नाही. त्यावर त्वचारोगतज्ज्ञांकडे उपचार आहेत.

हल्ली लॉनवर बारीक फवारा मारणारे मोठे पंखे ठेवतात. कोरड्या हवेत त्यांनी खरोखर गारवा येतो, नागपूरला ते वरदानच. दमट ठाण्यात ते फवारलेलं पाणी उडत नाही, कपड्यांवरच बसतं, दमटपणा आणखी वाढवतं आणि रेशमावर थेंबांचे ठसे उठवतं. पैठणी नेसली असेल तर त्या पंख्यासमोर उभं राहू नये. साधा, नुसतं वारं देणारा पंखा शोधावा. यजमानांनीही समुद्रकाठच्या गावात मंडपवाल्याला फवाऱ्याचे पंखे न सांगता साधे मोठे पंखे जास्त संख्येने सांगावेत. पाहुण्यांचे कपडे आणि जीव दोन्ही त्याने वाचतील.

घरी परतल्यावर उशीर झालेला असतो आणि साडी तशीच घडी घालून कपाटात जाते. तसं करू नका. साडी रात्रभर सावलीत, पंख्याखाली पसरून ठेवा, ओल पूर्ण गेल्यावरच घडी घाला. जर खरी असेल तर घामाच्या क्षाराने ती काळवंडते, म्हणून अंगाला लागलेला जरीचा भाग आधी मऊ कोरड्या सुती फडक्याने हलकेच टिपून घ्या. सुती ब्लाउज आणि कुडता त्याच रात्री साध्या गार पाण्यात भिजवा. आणि धुतल्याशिवाय त्यावर इस्त्री फिरवू नका, कारण घामाचा डाग इस्त्रीच्या उष्णतेने पक्का बसला की तो पुढच्या लग्नापर्यंत निघत नाही.